पांढऱ्या कुत्रीचं नाक: जत तालुक्यातलं एक प्रकरण

जानेवारीत माझ्या भाच्यानं चार फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, राजापालयम घावलंय. शेडजवळ तीन दिवस बसून आहे. गावात म्हणतात लई महागाचं कुत्रं आहे." भाच्याची पोल्ट्री जत तालुक्याच्या पूर्व भागात, विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. मी तासगावात असते. पशुसंवर्धनात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, पण कुत्र्यांचे फोटो लोक मला अजून पाठवतात.

फोटोतली कुत्री पांढरीशुभ्र, लांब पायांची, पोट आत गेलेली. नाक गुलाबी दिसत होतं. पांढरं अंग आणि गुलाबी नाक एवढं दिसलं की राजापालयम म्हणायचं, हे आता शाळकरी पोरालाही माहीत असतं. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली. त्यात राजापालयम होतं, आपल्याकडचं मुधोळही होतं, शिवाय रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग. तेव्हापासून चित्रं लोकांच्या ओळखीची झाली. पण ओळख चित्राची असली की डोळा रंगावर जातो, आणि देशी कुत्रं ओळखताना रंगाला मी सगळ्यात शेवटी विचारात घेते. तरी "राजापालयम नसेल" असं भाच्याला लगेच म्हटलं नाही. तसं म्हणण्याजोगं त्या चार फोटोंत काहीच नव्हतं.

दोन फोटो अगदी जवळून, वरून खाली घेतलेले. मोबाइलचा कॅमेरा हातभर अंतरावर धरला की नाक मोठं दिसतं, कपाळ रुंद दिसतं आणि पाय आखूड होतात. असा फोटो पाहून डोक्याबद्दल बोलणं म्हणजे लोट्यात तोंड बघून आपण जाड झालो म्हणण्यासारखं आहे. तिसऱ्या फोटोत कुत्री बसलेली होती, चौथा पळतानाचा आणि हललेला. चारही फोटोंत कान मागे चिकटलेले. नवख्या जागी घाबरलेलं कोणतंही कुत्रं कान मागे दाबतं. मग कान मुळात कसा आहे, उभा, लोंबता की घडीचा, ते कळायला वाव राहत नाही.

मी भाच्याला फोन केला आणि काय हवं ते सांगितलं. कुत्रीला सपाट जागेवर उभी कर. गवतात नको, पंजे झाकतात. तू दहा-बारा फूट लांब जा, खाली बस, कॅमेरा तिच्या कोपराच्या उंचीला आण आणि थोडं झूम कर. बाजूनं एक, समोरून एक, मागून एक. डोक्याचा एक बाजूनं, एक बरोबर वरून. एक मीटरची काठी तिच्या खांद्याला लागून उभी धर, म्हणजे मला माप मिळेल. आणि कानांसाठी कोणाला तरी पिशवी चुरगाळायला सांग, ती कान देईल तेव्हाचा फोटो घे, मग शांत झाल्यावरचा पण घे. शेवटी नाक, डोळ्याची पापणी आणि ओठ, तिन्ही जवळून, उन्हात नव्हे, सावलीत. ऊन पडलं की काळं नाकसुद्धा तपकिरी दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा फोटो आले. पोरानं मनापासून काम केलं होतं.

बाजूचा फोटो मी लॅपटॉपवर उघडला आणि स्क्रीनवर पट्टी लावली. एक मीटरची काठी 176 मिलिमीटर भरली, खांद्याच्या उंचवट्यापासून जमीन 116. म्हणजे कुत्रीची उंची सुमारे 66 सेंटिमीटर, 26 इंच. कोपरापासून जमीन 62, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून जास्त भाग पायांचा. छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत 121, म्हणजे लांबी उंचीपेक्षा किंचित जास्त, जवळजवळ चौकोनी अंग. छाती कोपरापर्यंत उतरलेली, आणि तिथून पोट एकदम वर गेलेलं. कमरेवरची हाडं दोन्ही बाजूंना स्पष्ट वर आलेली आणि एकमेकांपासून लांब, पण पाठीची रेघ कमरेपाशी कमानीसारखी उचललेली नव्हती, बऱ्यापैकी सरळ होती.

एवढ्यावरून एक गोष्ट बाद झाली. आपलं नेहमीचं गावठी कुत्रं, ज्याला आता इंडियन परिया म्हणतात, त्याची मादी इतकी उंच सहसा नसते, आणि त्याची शेपूट पाठीवर वळते. हिची शेपूट खाली सुटलेली, टोकाला हलका बाक. पण राजापालयम बाद झालं नाही. राजापालयमही उंच, पातळ पोटाचं, लांब पायांचं शिकारी कुत्रं आहे. उंचीत दोघं एकमेकांवर चढतात. माप घेतलं म्हणजे उत्तर मिळालं असं लोकांना वाटतं, पण माप फक्त ज्या दोन जातींत फरक आहे त्यांनाच वेगळं करतं. म्हणून प्रत्येक खूण बघताना मी स्वतःला विचारते, ही कोणाला बाद करते आहे?

आता दावेदार तीन उरले. एक राजापालयम. दुसरं कारवान, ज्याला आपल्या भागात कोणी करवानी म्हणतं, कोणी मुधोळ. कुत्रं एकच, नोंदणी दोन नावांनी होते: केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान हाउंड म्हणते, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. तिसरं, कारवान आणि ग्रेहाउंडचा संकर. आपल्याकडे कुत्र्यांच्या शर्यती भरतात आणि वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त मिसळलेली कुत्री सांगली-साताऱ्यात गावोगाव आहेत, त्यामुळे हा दावेदार कधी विसरू नये. पश्मी जातीचं कुत्रं बाजूला ठेवता आलं, कारण त्याच्या कानांना, पायांमागे आणि शेपटीला लांब रेशमी झालर असते. या कुत्रीची लव सगळीकडे आखूड होती, शेपटीची खालची कडसुद्धा साफ.

ग्रेहाउंडला कानानं बाद केलं. ग्रेहाउंडचा कान लहान, पातळ, मागे घडी पडलेला असतो आणि आतली बाजू थोडी उघडी दिसते. सावध झालं तरी घडी मागेच राहते, फार तर कान अर्धा उठतो. भाच्यानं पिशवी चुरगाळली त्या फोटोत या कुत्रीचे कान मुळाशी उचलले गेले होते, पण टोक पुढे, गालाकडे पडलेलं. शांत असतानाच्या फोटोत दोन्ही कान त्रिकोणी, डोक्याला लागून खाली लोंबलेले, मध्यम लांबीचे. हा कारवानचा कान. पाठीची सरळ रेघ आणि मागच्या मांडीचा सडपातळपणाही त्याच बाजूचा. ग्रेहाउंड मिसळलं की मांडी मागून पाहिल्यावर भरलेली, फुगीर दिसते आणि कमरेवर कमान येते. मागून काढलेला फोटो लोक मागायचे विसरतात, आणि शर्यतीची कुत्री नेमकी तिथंच स्वतःला उघड करतात.

पण कानानं राजापालयम बाद होत नाही, त्याचाही कान लोंबताच असतो.

मग डोकं. वरून काढलेल्या फोटोत डोकं कानांपासून नाकापर्यंत सारखं निमुळतं होत गेलेलं, नांगराच्या फाळासारखं. दोन कानांमधलं अंतर कमी, गाल बाहेर आलेले नाहीत. बाजूनं पाहिलं तर कपाळ आणि नाकाड यांच्यामधली पायरी इतकी उथळ की बोट फिरवलं तर जेमतेम कळेल. राजापालयमचं डोकंही लांबट असतं, पण कवटीला थोडा घुमट असतो, जबडा जास्त भरीव, आणि एकूण हाड जाड. समोरच्या फोटोत हिचं मनगट आणि पुढचे पाय पाहिले तर अगदी बारीक हाड. माझं मन इथं कारवानकडे झुकलं. पण झुकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. उपाशी कुत्री नेहमीच बारीक दिसते. तीन दिवस शेडजवळ बसलेली आणि त्याआधी कुठून कुठून आलेली, तिचं हाड जाड की बारीक हे मी फोटोवरून छातीठोक सांगणार नाही.

म्हणून मी नाकाच्या फोटोकडे गेले, ज्यानं सुरुवातीला घोळ घातला होता. सावलीत काढलेल्या फोटोत नाक मोठं करून पाहिलं. नाकाचा मधला भाग गुलाबी होता, वरून खाली एक पट्टा. पण दोन्ही कडांना, नाकपुड्यांच्या बाहेरच्या वळणावर, रंग गडद राखाडी ते काळा होता. आणि पापण्यांच्या कडा? काजळ घातल्यासारख्या काळ्या. ओठांची कडही काळी, कोपऱ्यात एक-दोन गुलाबी ठिपके सोडून.

हे पाहिल्यावर मी चहा ठेवला. बऱ्याच कुत्र्यांचं काळं नाक हिवाळ्यात फिकट पडतं, मध्ये गुलाबी किंवा तपकिरी पट्टा येतो आणि उन्हाळ्यात पुन्हा काळं होतं. फिकटपणा फक्त नाकावर येतो. पापणी आणि ओठ तसेच काळे राहतात, कारण त्यांच्या रंगाला ऋतूचं काही नसतं. राजापालयमचं गुलाबी नाक तसं नसतं. तिथं रंगच मुळात नसतो, म्हणून नाक सगळीकडून गुलाबी असतं, पापण्यांच्या कडाही फिकट गुलाबी, डोळा सोनेरी-पिवळसर. या कुत्रीचे डोळे गडद तपकिरी होते. नाक, पापणी, ओठ आणि डोळा, चारही एकत्र पाहिले तर हिच्यात रंगद्रव्य भरपूर आहे, ते फक्त लवेत नाही.

भाच्यानं पोटाचाही फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "कातडी गुलाबी आहे, म्हणजे राजापालयमच ना?" यात बरेच जण फसतात. पांढऱ्या लवेखालची कातडी बहुतेक कुत्र्यांत गुलाबीच असते. पांढऱ्या कारवानचीही असते, गल्लीतल्या पांढऱ्या कुत्र्याचीही. पोटानं काहीही सिद्ध होत नाही. मात्र त्याच फोटोत डाव्या कानाच्या मागच्या बाजूला एक रुपयाच्या नाण्याएवढा फिकट बदामी डाग दिसला. तो जातीसाठी फारसा उपयोगी नव्हता, पण मी वहीत लिहून ठेवला.

आणखी एक गोष्ट करायला लावली. राजापालयममध्ये काही पिल्लं जन्मतः बहिरी असतात. कातडीत रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात, त्या तिथं पोचल्या नाहीत की ऐकू येत नाही. भाच्याला म्हटलं, तिची पाठ असताना स्टीलचा डबा वाजव, पण तिला डबा दिसू देऊ नकोस आणि जमिनीवर आपटू नकोस, कंप पायांतून कळतो. कुत्री लगेच वळली. यानं राजापालयम बाद होत नाही, कारण बहुतेक राजापालयम ऐकतातच. पण ती बहिरी निघाली असती, तर रस्त्यालगतच्या शेडवर ठेवणं धोक्याचं होतं आणि आधी तिला बांधून ठेवावं लागलं असतं. जात ठरवताना कुत्रीची काळजी बाजूला पडू नये म्हणून हे केलं.

संध्याकाळी मी भाच्याला कळवलं: कारवान ठेवणीची मादी, प्रौढ, गावठी किंवा ग्रेहाउंडचं मिश्रण दिसत नाही, राजापालयम नाही. "शुद्ध" हा शब्द मी वापरला नाही आणि तो वापरूच नये. फोटो ठेवण दाखवतो, रक्त दाखवत नाही. दोन पिढ्यांमागे मिसळलेलं रक्त दिसेनासं झालेलं असू शकतं. त्यासाठी आई-बापाचे फोटो आणि नोंदणीचे कागद लागतात. आणि कुत्री चार-पाच महिन्यांची असती तर मी एवढंही बोलले नसते, कारण दात येण्याच्या वयात कान आठवड्याला वेगळं रूप घेतात. आज लोंबणारा उद्या अर्धा उभा, परवा घडीचा.

"मग काय फरक पडतो?" भाच्यानं विचारलं. "कुत्रं तर चांगलंच आहे." फरक पडला, आणि दोनच दिवसांत पडला. शेजारच्या गावातून एक गृहस्थ आले आणि म्हणाले, कुत्री आमची आहे, राजापालयम आहे, महिन्यापूर्वी पळाली. माणूस खोटं बोलत नव्हता, खरंच हरवलं होतं त्यांचं. भाच्यानं त्यांच्या मोबाइलमधले फोटो मला पाठवले. त्यांची मादीही पांढरी, पण नाक कडेपर्यंत गुलाबी, पापण्या गुलाबी, डोळे मधाच्या रंगाचे, छाती रुंद. ती खरंच राजापालयम ठेवणीची होती आणि ही ती नव्हती. मी भाच्याला म्हटलं, त्यांना नीट समजावून सांग, दोन्ही नाकांचे फोटो शेजारी ठेवून दाखव. त्यांनी पाहिलं, थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "नाही, आमची नाही." जाताना तिला बिस्किटं देऊन गेले.

कारवान म्हटल्यावर शोधायची दिशा बदलली. राजापालयम मुळातलं तमिळनाडूतलं. आपल्याकडे ते बहुधा विकत घेतलेलं, बंगल्यातलं, मालक शहरात किंवा तालुक्याच्या गावी. पांढरी कारवान या भागात शेतकऱ्याच्या वस्तीवर असते, आणि जतपासून मुधोळ काही परदेश नाही, सीमेच्या अलीकडे-पलीकडे तीच कुत्री. त्यामुळे भाच्यानं अथणी आणि विजापूरच्या बाजूच्या दूध संकलनवाल्यांना, चारा आणणाऱ्या टेंपोवाल्यांना विचारायला सुरुवात केली. रंग आणि डाग त्यानं कोणालाही सांगितले नाहीत, फक्त "उंच पायांची करवानी मादी" म्हटलं. डाग आपल्याकडे राखून ठेवायचा, हे मी त्याला बजावलं होतं.

आठवड्यानं अथणीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. माणूस मराठी-कन्नड मिसळून बोलत होता. म्हणाला, "ताई, आमची पांढरी आहे, डाव्या कानामागे बदामी ठिपका." ठिपक्याचं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं. फोटो मागितला. त्यानं मागच्या जून महिन्यातला पाठवला, स्वतःचा सेल्फी, कुत्रीला कुशीत धरलेला, मागे टेंपो उभा.

आणि ठिपका उजव्या कानाला होता.

भाचा म्हणाला, "मावशी, हा पण नव्हे." मीही आधी तेच म्हणाले असते. पण फोटो मोठा केला तेव्हा मागच्या टेंपोवर लिहिलेली अक्षरं उलटी दिसली, आरशातल्यासारखी. काही मोबाइलचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखा जपून ठेवतो, डावं उजवं होतं. मी फोटो आडवा पलटवला. अक्षरं सरळ झाली, ठिपका डाव्या कानामागे आला, आणि भाच्यानं पाठवलेल्या फोटोशेजारी ठेवला तेव्हा ठिपक्याची कडही तशीच, खालच्या बाजूला थोडी चिरलेली.

मग मी जूनमधल्या त्या फोटोत नाक पाहिलं. कडेपासून कडेपर्यंत काळं होतं.